ताळेबंदाच्या फोटोवरून काढलेले रेशो जुळत नाहीत तेव्हा काय तपासायचं

तक्रार दरवेळी साधारण एकच असते. पक्षकाराने मोबाइलवर ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाचे फोटो पाठवले, ते एक्सेलमध्ये उतरवले, रेशोचा तक्ता तयार झाला आणि दिसायलाही नीटनेटका आला. मग बँकेतून फोन येतो, की तुमच्या तक्त्यात करंट रेशो १.३९ आहे, आमच्याकडे १.२६ येतोय. किंवा डेटर्स साडेतीन दिवसांत पैसे देतात असं तक्ता सांगतो आणि मालक ते वाचून हसतो.

या घोळाची मुळं दोन आहेत. पहिलं, फोटोतला आकडाच चुकीचा वाचला गेला. दुसरं, आकडे बरोबर आहेत पण सूत्र वेगळं धरलं. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि क्रमही महत्त्वाचा आहे. आकडे पक्के होईपर्यंत एकही रेशो काढू नये. एकदा रेशो डोळ्यांसमोर आला की तो बरोबर ठरवण्यासाठी आपण कारणं शोधू लागतो.

उदाहरण म्हणून प्लास्टिक पॅकिंगचा माल बनवणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, पण मांडणी कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल थ्रीप्रमाणे आहे. रक्कम लाख रुपयांत.

| ताळेबंद | ३१-३-२०२५ | ३१-३-२०२४ |
|---|---|---|
| भागभांडवल | ५०.०० | ५०.०० |
| रिझर्व्ह अँड सरप्लस | ८६.४० | ६८.१५ |
| दीर्घ मुदतीची कर्जं | ६४.०० | ८२.०० |
| डिफर्ड टॅक्स देणं | ३.६० | ३.१० |
| अल्प मुदतीची कर्जं | ९८.०० | ८४.५० |
| क्रेडिटर्स | ७२.३० | ६१.८० |
| इतर चालू देणी | ९.७० | ८.४५ |
| तरतुदी | ६.०० | ५.०० |
| एकूण | ३९०.०० | ३६३.०० |
| स्थिर मालमत्ता | १४८.५० | १६१.२० |
| दीर्घ मुदतीच्या ठेवी | ७.५० | ७.५० |
| स्टॉक | १०४.६० | ८८.४० |
| डेटर्स | ११२.४० | ९१.६० |
| रोख व बँक | ५.८० | ६.१० |
| अल्प मुदतीचे अ‍ॅडव्हान्स | ११.२० | ८.२० |
| एकूण | ३९०.०० | ३६३.०० |

| नफा-तोटा पत्रक | २०२४-२५ |
|---|---|
| विक्री | ६१२.०० |
| इतर उत्पन्न | १.५० |
| वापरलेला कच्चा माल | ४२८.०० |
| तयार मालाच्या साठ्यातला बदल | (९.२०) |
| पगार व मजुरी | ६२.४० |
| व्याज व बँक खर्च | १७.८० |
| घसारा | २०.५० |
| इतर खर्च | ६९.३५ |
| एकूण खर्च | ५८८.८५ |
| करपूर्व नफा | २४.६५ |
| कर (चालू ५.९० + डिफर्ड ०.५०) | ६.४० |
| निव्वळ नफा | १८.२५ |

## फोटो

यावर फार वेळ घालवणार नाही. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमधून बाहेर काढून सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, एका पानाचा एक फोटो आणि चारही कोपरे फोटोत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि ३, ६, ८ हे आकडे एकमेकांसारखे दिसू लागतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं.

दोन जागा मात्र हमखास कापल्या जातात. वरच्या टोकाला, उजव्या बाजूला बारीक अक्षरांत रक्कम लाखांत आहे की हजारांत, हे लिहिलेलं असतं. दोन्ही पत्रकं एकाच मापात असतील तर रेशोला फरक पडत नाही, कारण वर-खाली दोन्हीकडे तेच माप असतं. पण ताळेबंद लाखांत आणि नफा-तोटा पत्रक पूर्ण रुपयांत असं झालं, तर दोन पत्रकांतून आकडे घेणारा प्रत्येक रेशो वाया जातो. खालच्या टोकाला सीएची सही, शिक्का आणि अठरा अंकी यूडीआयएन असतो. शिक्का बऱ्याचदा एकूण बेरजेवरच पडलेला असतो आणि ती बेरीज आपल्याला पुढे फार लागणार आहे. ती वाचता येत नसेल तर पान पुन्हा मागवा.

## बेरीज करू नका, उतरवा

एक्सेलच्या `Data From Picture` सोयीने उतरवा, दुसऱ्या एखाद्या स्कॅनिंग अ‍ॅपने, नाहीतर हाताने टाइप करा. नियम एकच: कागदावरची एकूण बेरीजसुद्धा आकडा म्हणून उतरवायची, तिथे `SUM` टाकायचा नाही. बहुतेक जण इथेच घसरतात. बेरजेच्या जागी सूत्र टाकलं की शीट कधी चूक दाखवूच शकत नाही, कारण चुकलेल्या आकड्यांची बेरीज ते अगदी बिनचूक करतं. छापील बेरीज ही सीएच्या ऑफिसात जुळवलेली असते, म्हणजे आपल्याला फुकटात मिळालेला साक्षीदार.

वरच्या ताळेबंदाच्या देण्यांच्या आठ ओळी `C4` ते `C11`, छापील बेरीज `C12`, मालमत्तेच्या सहा ओळी `C14` ते `C19` आणि छापील बेरीज `C20` मध्ये आहे असं धरा. तर तपासणी अशी:

```
=COUNT(C4:C11)
=COUNT(C14:C19)
=ROUND(SUM(C4:C11)-C12,2)
=ROUND(SUM(C14:C19)-C20,2)
=ROUND(C12-C20,2)
```

पहिल्या दोनांची उत्तरं ८ आणि ६ यायला हवीत. कमी आली तर एखादा आकडा मजकूर म्हणून बसलाय. अशा सेलमधला आकडा डावीकडे चिकटलेला दिसतो आणि `SUM` त्याला काहीही न सांगता वगळतो. `=VALUE(SUBSTITUTE(C7,",",""))` असं करून किंवा सरळ पुन्हा टाइप करून तो आकडा करून घ्या. उरलेली तिन्ही उत्तरं शून्य हवीत. हीच तपासणी `D` स्तंभात मागच्या वर्षासाठीही करायची. मागचं वर्ष सरासरीसाठी लागतं, त्यामुळे तिकडची चूकही तेवढीच महागात पडते.

## फरक किती आला, ते आधी पाहा

शून्य आलं नाही म्हणून सगळी यादी पुन्हा वाचत बसायची गरज नसते. फरकाचा आकडाच बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते दाखवतो.

नफा-तोटा पत्रकात फरक १८.४० आला. त्याचा निम्मा ९.२० आणि हा आकडा पत्रकात आहे. म्हणजे तो उलट्या चिन्हाने गेलाय. कागदावर (९.२०) असं कंसात होतं, फोटोत कंस पुसट होता आणि खर्चातून वजा व्हायची रक्कम मिळवली गेली. साठा वाढला की ही ओळ कंसात येते, कारण त्या वर्षी केलेल्या खर्चाचा तेवढा भाग विकायच्या मालात पडून आहे. ज्यांना कंसाचा अर्थ वजा हे ठाऊक नाही त्यांच्याकडूनही हीच चूक होते, तिथे फोटोचा दोष नसतो.

ताळेबंदात फरक बरोबर ७००.०० आला. अल्प मुदतीच्या कर्जांची नोट क्रमांक ७ असेल, तर ७ आणि ९८.०० एकमेकांना चिकटून ७९८.०० झालेत. नोटचा स्तंभ आणि रकमेचा स्तंभ यांच्यात उभी रेघ नसली की हे फार होतं.

फरक ७४२.५० आला. त्याला ९९ ने भागा, ७.५० येतात. ही ठेवींची ओळ. दशांशचिन्ह उडालं आणि ७.५० चे ७५० झाले. रक्कम शंभरपट झाली की फरक नेहमी मूळ रकमेच्या ९९ पट असतो.

फरक ६०.०० सारखा, म्हणजे एकाच स्थानावर अंक आणि बाकी शून्य असा आला, तर एक अंक चुकीचा वाचलाय. इथे ७२.३० चे १२.३० झालेत, कारण काही फाँटांत ७ आणि १ फार जवळचे दिसतात. आणि पैशांत मोजलेला फरक ९ ने निःशेष भागला जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल तपासा. ८६.४० ऐवजी ६८.४० लिहिलं तर फरक १८.०० येतो. ही चूक अ‍ॅप सहसा करत नाही, टाइप करणारा माणूस करतो. मात्र आधी ९९ ची कसोटी लावा, कारण ९९ ची पटही ९ ने भागली जातेच.

दोन चुका एकत्र असतील तर हे तर्क सरळ लागत नाहीत. तेव्हा कागदावरच्या पोट-बेरजा वापरा. भागधारकांचा निधी, दीर्घ मुदतीची देणी आणि चालू देणी यांच्या वेगळ्या बेरजा छापलेल्या असल्या, तर प्रत्येक गट स्वतंत्र जुळवता येतो आणि चुका आपोआप वेगळ्या पडतात.

## बेरीज जुळली तरी आकडा चुकलेला

सगळ्यात त्रासदायक प्रकार हा, कारण वरची एकही तपासणी तो पकडत नाही.

शेड्यूल थ्रीच्या मांडणीत ‘चालू मालमत्ता’ हे नुसतं शीर्षक असतं, त्यासमोर रक्कम नसते. अ‍ॅप नावांचा स्तंभ वेगळा वाचतं आणि रकमांचा वेगळा. शीर्षकासमोरची मोकळी जागा त्याला कळली नाही, तर खालच्या सगळ्या रकमा एक ओळ वर सरकतात. स्टॉकचे १०४.६० शीर्षकासमोर जाऊन बसतात, डेटर्सचे ११२.४० स्टॉकसमोर आणि रोख शिलकीचे ५.८० डेटर्ससमोर. बेरीज तरीही ३९०.०० च. करंट रेशोही बदलत नाही, कारण तो पूर्ण गटाच्या बेरजेवर निघतो. बिघडतात ते एकेका ओळीवर उभे असलेले रेशो. ५.८० ला ६१२.०० ने भागून ३६५ ने गुणलं की साडेतीन दिवस येतात, तीच मालकाला हसवणारी ओळ. दोन्ही वर्षांच्या रकमा एकत्रच सरकलेल्या असतात, त्यामुळे मागच्या वर्षाशी तुलना केली तरी काही खटकत नाही.

यासाठी नोट क्रमांकाचा स्तंभ शीटमध्ये ठेवा, साफसफाईच्या नादात काढून टाकू नका. रक्कम सरकते तेव्हा तिचा नोट क्रमांकही बहुधा सोबत सरकतो. डेटर्ससमोर जो क्रमांक दिसतो ती नोट उघडून पाहायची. तिथे रोख आणि बँक शिलकीचा तपशील निघाला तर ओळी सरकल्या आहेत हे नक्की.

दुसरा प्रकार वर्षांच्या अदलाबदलीचा. बहुतेक ठिकाणी चालू वर्ष आधी असतं, पण जुन्या पद्धतीच्या टी-आकारातल्या पत्रकात मागचं वर्ष कडेला, नावाच्याही डावीकडे असू शकतं. इथे दोन पत्रकांना जोडणारा दुवा कामाला येतो. रिझर्व्ह ६८.१५ वरून ८६.४० झाला, वाढ १८.२५. नफा-तोटा पत्रकातला निव्वळ नफाही १८.२५. स्तंभ उलटे पडले असते तर वाढीऐवजी घट दिसली असती. डिफर्ड टॅक्सचीही अशीच गाठ आहे: ३.१० चे ३.६० झाले, फरक ०.५०, आणि करात तीच रक्कम आहे.

रिझर्व्हचा दुवा प्रत्येक कंपनीत तंतोतंत बसेलच असं नाही. डिव्हिडंड दिला असेल, बोनस शेअर काढले असतील किंवा मागच्या वर्षाची काही दुरुस्ती केली असेल, तर फरक राहतो आणि त्याचा खुलासा रिझर्व्हच्या नोटमध्ये असतो. प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्म असेल तर हा दुवा भांडवल खात्यातून जातो: सुरुवातीची शिल्लक, अधिक नफा, अधिक नवं भांडवल, वजा उचल. उचल धरायची राहिली की दुवा तुटल्यासारखा वाटतो.

## आता सूत्र: १.२६ की १.३९?

आकडे पक्के झाले. चालू मालमत्ता १०४.६०, ११२.४०, ५.८० आणि ११.२० मिळून २३४.००. चालू देणी ९८.००, ७२.३०, ९.७० आणि ६.०० मिळून १८६.००. भागाकार १.२६.

मग १.३९ कुठून आला? अल्प मुदतीच्या कर्जांची नोट उघडली की दिसतं, ९८.०० मध्ये कॅश क्रेडिट ८०.०० आहे आणि उरलेले १८.०० म्हणजे टर्म लोनचे येत्या बारा महिन्यांत द्यायचे हप्ते. तक्ता करणाऱ्याने ते दीर्घ मुदतीचं कर्ज समजून बाहेर ठेवले. चालू देणी १६८.०० उरली आणि उत्तर १.३९ झालं. या फरकाला वजन आहे. खेळत्या भांडवलासाठी टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आलेली १.३३ ची रेघ बँकांत आजही पाहिली जाते. चालू मालमत्तेच्या निदान २५ टक्के रक्कम दीर्घ मुदतीच्या पैशातून यावी म्हटलं, की चालू देणी जास्तीत जास्त ७५ टक्के, आणि १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. आपल्या कंपनीचा एक आकडा या रेघेच्या वर आहे, दुसरा खाली. कागद एकच.

माझं मत विचाराल तर हप्ते चालू देण्यांतच धरावेत. शेड्यूल थ्रीमध्ये २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते अल्प मुदतीच्या कर्जांतच, वेगळे दाखवून, धरलेले असतात. त्याआधीच्या वर्षांचे कागद हाताळत असाल तर तिथे ते इतर चालू देण्यांत सापडतील. एखादी बँक हप्ते वगळून रेशो मागते, तर तसा द्यावा, पण त्या ओळीत ‘टर्म लोनचे हप्ते वगळून’ हे शब्द असलेच पाहिजेत.

डेट-इक्विटीचं प्रकरण याहून अवघड आहे. एकाच नावाखाली निदान तीन वेगळे हिशेब चालतात. सगळी कर्जं, म्हणजे ६४.०० आणि ९८.०० मिळून १६२.००, भागिले स्वतःचा निधी १३६.४० केलं तर १.१९. फक्त टर्म लोन, चालू हप्त्यांसह ८२.००, धरलं तर ०.६०. आणि क्रेडिटर्ससकट सगळी बाहेरची देणी २५३.६० धरली तर १.८६. तिसऱ्याला बँकवाले खरं तर एकूण देणी भागिले टँजिबल नेटवर्थ म्हणतात, पण बोलताना त्यालाही डेट-इक्विटीच म्हटलं जातं. फोनवर नुसतं ‘डेट-इक्विटी किती?’ असं विचारलं तर आधी ‘कुठलं कर्ज धरून?’ हे विचारून घ्यावं.

हे सगळं आपल्यालाच सुचलंय असं नाही. कॉर्पोरेट मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी शेड्यूल थ्रीत दुरुस्ती करून कंपन्यांना अकरा रेशो नोट्समध्ये देणं सक्तीचं केलं. अंशात आणि छेदात काय धरलं हे सांगायचं आणि मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदल असेल तर कारण द्यायचं. कायद्याने सूत्र ठरवून दिलं नाही, सांगायला लावलं. म्हणून कंपनीचे कागद असतील तर आधी विचारा की रेशोची नोट कुठे आहे. पुष्कळदा पक्षकार ताळेबंद आणि नफा-तोटा अशा दोनच पानांचे फोटो काढतो आणि आयता तक्ता फाइलच्या शेवटी पडून असतो. तो मिळाला तर आपला तक्ता त्याच्याशी ताडून पाहता येतो.

## दिवसांचे रेशो आणि लपलेली खरेदी

डेटर्सच्या दिवसांत दोन फाटे फुटतात. वर्षअखेरचे ११२.४० धरले तर ६७ दिवस येतात. दोन वर्षांची सरासरी १०२.०० धरली तर उलाढाल ६ वेळा, म्हणजे ६१ दिवस. विक्री वर्षभर पसरलेली असते, म्हणून सरासरी जास्त न्याय्य. शिवाय डेटर्सच्या रकमेत जीएसटी असतो आणि पत्रकातल्या विक्रीत नसतो. या कंपनीची सगळी विक्री १८ टक्क्यांच्या दराची आहे असं धरलं, तर जीएसटीसह विक्री ७२२.१६ होते आणि दिवस उतरतात ५२ वर. मालक म्हणतो ‘आमचं पन्नास दिवसांचं उधार आहे’, तेव्हा तो बहुतेक खरं बोलत असतो आणि आपला तक्ता त्याला ६१ दिवस दाखवत असतो. तक्त्यात जीएसटीविना आकडा द्यायची रीत आहे, तीच पाळावी, फक्त टिपेत लिहून ठेवावं.

क्रेडिटर्सच्या रेशोला खरेदी लागते आणि ती या पत्रकाच्या पहिल्या पानावर नाहीच. लोक ‘वापरलेला कच्चा माल’ हीच खरेदी समजून ४२८.०० टाकतात. थोडा हिशेब केला तर खरी खरेदी निघते. एकूण स्टॉक ८८.४० वरून १०४.६० झाला, वाढ १६.२०. त्यातली ९.२० तयार मालाची, हे नफा-तोटा पत्रकात आहेच. उरली ७.०० ही कच्च्या मालाची वाढ. म्हणजे वापरलेल्या ४२८.०० शिवाय ७.०० चा माल आणून गोदामात ठेवला. खरेदी ४३५.००. स्टॉकमध्ये स्टोअर्स आणि सुटे भाग वेगळे धरले असतील तर हा हिशेब तेवढ्याने सरकतो, तेव्हा स्टॉकची नोट पाहून घ्या.

स्टॉकच्या उलाढालीत अंश म्हणून विक्री धरायची सवय पुष्कळांना आहे. विक्रीत नफा मिसळलेला असतो आणि स्टॉक खर्चाने मोजलेला असतो, त्यामुळे मी मालाचा खर्च धरतो: ४२८.०० वजा ९.२० म्हणजे ४१८.८०. कारखान्यातली मजुरीही खरं तर यात यायला हवी, पण पत्रकात कारखाना आणि ऑफिसचे पगार एकत्रच असतात. वेगळे मिळत नसतील तर अंदाजाने तोडू नका. फक्त माल धरलाय असं लिहा.

डीएससीआर, म्हणजे व्याज आणि मुद्दल फेडायची ताकद दाखवणारा रेशो, यात चूक मुद्दलाच्या आकड्यात होते. या वर्षी फेडलेलं मुद्दल ताळेबंदाच्या मागच्या वर्षाच्या स्तंभात असतं: ३१ मार्च २०२४ रोजी ‘येत्या वर्षात द्यायचे हप्ते’ म्हणून दाखवलेली रक्कम. यंदाच्या स्तंभातले हप्ते पुढच्या वर्षी जाणार आहेत. इथे दोन्ही १८.०० असल्याने उत्तर तेच येतं आणि चूक दिसत नाही. कर्जाचा हप्ता वाढत जाणारा असेल तेव्हा ती उघडी पडते. टर्म लोनची एकूण बाकी १०० वरून ८२ झाली, म्हणजे १८ फेडले, असा ताळाही घेता येतो, अर्थात मध्ये नवं कर्ज घेतलेलं नसेल तर.

## तक्ता

एक्सेलमध्ये `FORMULATEXT` ने सूत्र दाखवता येतं, पण वाचणाऱ्याला `C30/C31` वाचून काय कळणार? म्हणून सूत्र शब्दांत, शेजारी आकडे आणि मग उत्तर. आकड्यांचा स्तंभ हाताने लिहू नका, नाहीतर नंतर एखादी दुरुस्ती झाली की उत्तर बदलतं आणि शेजारचे आकडे जुनेच राहतात. तो त्याच सेलवरून आणा:

```
=TEXT(C30,"0.00")&" / "&TEXT(C31,"0.00")
```

| रेशो | सूत्र | आकडे | उत्तर |
|---|---|---|---|
| करंट रेशो | चालू मालमत्ता ÷ चालू देणी (टर्म लोनचे येत्या वर्षाचे हप्ते धरून) | २३४.०० ÷ १८६.०० | १.२६ |
| डेट-इक्विटी | दीर्घ व अल्प मुदतीची सर्व कर्जं ÷ (भागभांडवल + रिझर्व्ह) | १६२.०० ÷ १३६.४० | १.१९ |
| एकूण देणी ÷ नेटवर्थ | (ताळेबंदाची बेरीज − नेटवर्थ) ÷ नेटवर्थ, डिफर्ड टॅक्स देण्यात धरून | २५३.६० ÷ १३६.४० | १.८६ |
| डीएससीआर | (निव्वळ नफा + घसारा + सर्व व्याज व बँक खर्च) ÷ (सर्व व्याज व बँक खर्च + वर्षात फेडलेलं मुद्दल) | ५६.५५ ÷ ३५.८० | १.५८ |
| डेटर्स उलाढाल | विक्री, जीएसटीविना ÷ सरासरी डेटर्स | ६१२.०० ÷ १०२.०० | ६.०० वेळा |
| स्टॉक उलाढाल | (वापरलेला माल ± साठ्यातला बदल) ÷ सरासरी स्टॉक | ४१८.८० ÷ ९६.५० | ४.३४ वेळा |
| क्रेडिटर्स उलाढाल | खरेदी (स्टॉकवरून काढलेली) ÷ सरासरी क्रेडिटर्स | ४३५.०० ÷ ६७.०५ | ६.४९ वेळा |
| निव्वळ नफा | निव्वळ नफा ÷ विक्री, इतर उत्पन्न सोडून | १८.२५ ÷ ६१२.०० | २.९८% |
| स्वतःच्या निधीवर परतावा | निव्वळ नफा ÷ सरासरी नेटवर्थ | १८.२५ ÷ १२७.२८ | १४.३४% |
| गुंतवलेल्या भांडवलावर परतावा | (करपूर्व नफा + व्याज व बँक खर्च) ÷ (नेटवर्थ + सर्व कर्जं + डिफर्ड टॅक्स), अखेरचे | ४२.४५ ÷ ३०२.०० | १४.०६% |

डीएससीआर बँकेच्या आकड्याशी जुळला नाही तर व्याजाची नोट पाहा. १७.८० पैकी टर्म लोनचं व्याज ९.१० असेल आणि बाकी कॅश क्रेडिटचं व्याज व बँक खर्च, तर काही बँका फक्त ९.१० धरतात. मग ४७.८५ भागिले २७.१० होऊन १.७७ येतो. दोन्ही हिशेब आपापल्या जागी ठीक आहेत, मात्र अंशात एक आणि छेदात दुसरं असं मिसळू नका.

बँक मागच्या वर्षाचा स्तंभही मागते. करंट रेशो (१.२२) आणि डेट-इक्विटी (१.४१) लगेच देता येतात, कारण ते एकाच तारखेच्या शिलकीवर निघतात. सरासरीवरचे रेशो देता येत नाहीत. २०२३-२४ च्या सरासरीसाठी ३१ मार्च २०२३ चा ताळेबंद लागतो आणि तो या फोटोत नाही. पुष्कळ जण तिथे अखेरची शिल्लक वापरून जागा भरतात आणि मग सहा वेळांची उलाढाल मागच्या वर्षीच्या वेगळ्याच मापाशी ताडली जाते. २०२३-२४ ची फाइल मागवावी. ती येईपर्यंत त्या चौकटीत आडवी रेघ ठेवून ‘सुरुवातीची शिल्लक उपलब्ध नाही’ असं लिहावं.

आणि तक्त्याच्या माथ्यावर कुठल्या तारखेचे कागद, रक्कम कशात, ऑडिट झालेले की प्रोव्हिजनल, आणि कुठल्या नोट्स पाहिल्या, एवढं टाका. प्रोव्हिजनल पत्रकात कराची तरतूद आणि वर्षअखेरचा घसारा बहुधा टाकायचा राहिलेला असतो, तेव्हा नफ्यावरचे रेशो फुगलेले दिसतील. कर्जाची नोटच मिळाली नाही तर डीएससीआरची ओळ रिकामी ठेवून त्या पानाचा फोटो मागवा.